तिसऱ्या मेलनंतर फोन



गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या वस्त्यांमधून छोटे-मोठे धंदे करणारी मंडळी बरीच पुढे आली. कोणी शिलाईचे काम घेतो, कोणी कंपन्यांना टेम्पो लावतो, कोणी कॅन्टीनला पोळ्या पुरवतो, तर कोणी रंगकामाचे कंत्राट घेतो. काम मिळवणे कठीण आहे आणि काम झाल्यावर बिलाचे पैसे मिळवणे त्याहून कठीण आहे. पैसे अडले की आता सगळे मेल करतात. मेलला उत्तर येते, ते मनाला लागते, मग आणखी कडक मेल जातो आणि महिना-दोन महिने असेच निघून जातात. ही लढाई मी दोन्ही बाजूंनी पाहिलेली आहे. वस्तीत मी लोकांचे अर्ज आणि मेल लिहून देतो, आणि पोटापाण्यासाठी एका खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये बिले पास करणारा कारकून आहे. म्हणजे तुमचा रागाचा मेल जिथे जाऊन पडतो, त्या टेबलावर मी रोज बसतो. तेव्हा मेल कुठे थांबवावा आणि फोन कधी उचलावा, हे आज एका खऱ्या प्रकरणातून सांगतो.

अंबरनाथकडे आपल्या ओळखीतील एक ताई सहा शिलाई मशिनांवर गणवेश शिवून देतात. २०२४ साली त्यांना साफसफाईची कंत्राटे घेणाऱ्या एका कंपनीचे १५० जोड मिळाले. शर्ट ३३० रुपये, पँट २९० रुपये, म्हणजे जोडाला ६२० रुपये. कापड ताईंनीच घ्यायचे होते. ९३ हजार रुपये आणि त्यावर ५ टक्के जीएसटी मिळून बिल झाले ९७,६५० रुपयांचे. माल ६ जूनला पोचला. ऑर्डरवर तीस दिवसांत पैसे असे लिहिलेले होते. ६ जुलै उलटला, पैसे आले नाहीत. कापडवाल्याची उधारी डोक्यावर आणि मशिनवर बसणाऱ्या बायांची मजुरी आठवड्याची. ८ जुलैला ताईंच्या भाच्याने पहिला मेल केला. भाचा कॉलेजात शिकतो, इंग्रजी लिहितो, म्हणून हे काम त्याच्याकडे होते.

आठवड्याने, १५ जुलैला, एका ओळीचे उत्तर आले: क्वालिटी इश्यू आहे, प्रकरण पाहात आहोत. ताई संतापल्या. माल घेतला तेव्हा कोणी काही बोलले नाही आणि पैशाची वेळ आल्यावर क्वालिटी आठवली काय? भाच्याने दुसरा मेल लिहिला, त्यात मालाची पोच जोडली. उत्तर तेच. तिसरा मेल कडक झाला आणि त्याची प्रत डायरेक्टरलाही गेली. त्यानंतर अकाउंट्सवाल्याने उत्तर देणेच बंद केले. पर्चेसवाल्याने मात्र लिहिले की, तुम्ही सदोष माल दिला, आता धमक्या देऊ नका. १३ ऑगस्टपर्यंत दोन्हीकडचे मिळून ११ मेल झाले होते. १८ ऑगस्टच्या रविवारी, विहारातील वर्षावासाचे वाचन आटोपल्यावर, ताई ते सगळे कागद छापून घेऊन माझ्याकडे आल्या. भाच्याने बारावा मेल लिहून तयार ठेवला होता. तो मी वाचला आणि बाजूला ठेवला.

त्या ११ मेलांवर मी पेन्सिल घेऊन बसलो. कोणते शर्ट खराब, किती खराब, काय खराब, हा प्रश्न ताईंच्या बाजूने एकदाही विचारलेला नव्हता. कंपनीच्या बाजूनेही तो एकदाही सांगितलेला नव्हता. पहिल्या दोन मेलांत बिलाबद्दल बोलणे होते. तिसऱ्यापासून बोलणे होते ते कोण कोणाशी कसे बोलला याबद्दल. माझ्या नोकरीतला अनुभव असा की, ही खूण पक्की असते. एकाच मुद्द्यावर तुमचा मेल, त्यांचे उत्तर, पुन्हा तुमचा मेल, पुन्हा उत्तर असे दोन फेरे झाले आणि तिसऱ्या वेळी नवीन माहिती एकही आली नाही, तर मेलचे काम संपले. ‘माझ्या आधीच्या मेलमध्ये सांगितल्याप्रमाणे’ असे लिहायला हात वळला की समजावे की समोरचा वाचत नाही, किंवा वाचून त्याला आपले म्हणणे कळत नाही. तेच वाक्य पुन्हा पाठवून कळणार नाही.

साहेबाला प्रत पाठवण्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण आपली मंडळी हे शस्त्र फार लवकर काढतात. माझ्या टेबलावर येणाऱ्या मेलची प्रत मोठ्या साहेबाला गेली आहे असे दिसले, की मी काय करतो? हात आखडतो. आतापर्यंत मी दोन ओळींत ‘तुमचे बिल स्टोअरमध्ये अडले आहे, तिथे बोला’ असे लिहिले असते. आता माझे प्रत्येक वाक्य साहेब वाचणार. स्टोअरचे नाव घेतले तर स्टोअरवाला उद्या माझ्याशी भांडणार. म्हणून मी गोलमाल शब्द वापरतो किंवा गप्प बसतो. पुरवठादाराला वाटते, हा मुजोर आहे. खरे म्हणजे तो घाबरलेला असतो. जी गोष्ट तो साहेबासमोर लिहून देणार नाही, ती तो फोनवर सहज सांगतो.

दुसरी अडचण भाषेची. ताईंचे सगळे व्यवहार मराठी-हिंदीत होतात. मेल मात्र भाच्याच्या पुस्तकी इंग्रजीत जात होता. ‘यू आर डायरेक्टेड टू रिलीज’ असे त्याने लिहिले होते. त्याच्या मनात ते अदबीचे वाक्य होते. वाचणाऱ्याला ते हुकमासारखे लागले. आपण लिहितो तेव्हा आपला आवाज आपल्या कानात असतो, वाचणाऱ्याच्या कानात तो नसतो. जस्टिन क्रुगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत याचा प्रयोग केला आणि तो २००५ साली प्रसिद्ध केला. काही विधाने गंभीर होती, काही उपरोधाने केलेली होती. ती मेलने पाठवणाऱ्यांना वाटले, शंभरातील ७८ वेळा समोरच्याला आपला सूर कळेल. प्रत्यक्षात कळला ५६ वेळा. नुसता छापा-काटा करूनही ५० वेळा बरोबर येते, हे लक्षात घ्या. तीच विधाने आवाजात ऐकवली तेव्हा ७३ वेळा सूर बरोबर ओळखला गेला. ही तर त्यांच्या स्वतःच्या भाषेची गोष्ट. आपण उसनी इंग्रजी घेऊन भांडायला जातो.

मी स्वतः यात फसलेलो आहे, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका टेम्पोवाल्याला मी कंपनीकडून एक फॉर्म पाठवला होता. त्याने मेल केला, फॉर्म पाठवा. मी लिहिले, आधीच पाठवला आहे. त्याने लिहिले, मिळाला नाही. मी लिहिले, नीट पाहा. असे चार मेल झाले. पाचव्या दिवशी तो माणूस गेटवर येऊन उभा राहिला आणि आपला मोबाइल माझ्यासमोर धरला. मी मेल पाठवला होता, पण फॉर्म जोडायलाच विसरलो होतो. दोन्ही वेळा मी माझाच मेल उघडून पाहिला नव्हता. त्याने फोन केला असता तर पहिल्याच दिवशी, बोलता बोलता मी तो उघडला असता.

आता ताईंच्या प्रकरणाकडे. फोन करायचे ठरले, पण कोणाला? भाच्याचे म्हणणे डायरेक्टरला. मी म्हटले, डायरेक्टर तुमचे बिल हातात धरून बसलेला नाही. कंपनीत बिल पास होताना तीन कागद जुळावे लागतात. एक पर्चेस ऑर्डर, दुसरी स्टोअरने माल मोजून घेतल्याची नोंद, तिला कचेरीत जी.आर.एन. म्हणतात, आणि तिसरे तुमचे बिल. नग आणि दर तिन्हींवर सारखे असले तरच अकाउंट्सच्या संगणकावर बिल पुढे सरकते. एका ठिकाणी नगात फरक असला तर अख्खे बिल थांबते, फरकापुरते नव्हे. मालाच्या तक्रारीवरून बिल थांबले असेल तर त्याचे मूळ बहुधा स्टोअरमध्ये असते. अकाउंट्सवाल्याला पडद्यावर नुसते ‘होल्ड’ दिसते, त्यालाही कारण ठाऊक नसते. म्हणून पहिला फोन अकाउंट्सच्या माणसाला, एवढेच विचारायला की बिल कोणत्या टेबलावर आहे. मग त्या टेबलावर.

वेळही पाहावी लागते. आम्हा अकाउंट्सवाल्यांच्या महिन्यात काही तारखा वाईट असतात. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ आणि २० तारखेला जीएसटीची कामे, आणि महिनाअखेर तर विचारूच नका. त्या दिवशी आलेला फोन आम्ही तुटकपणे संपवतो. १८ ऑगस्टला रविवार होता, मधे २० तारीख येत होती, म्हणून बुधवार, २१ ऑगस्ट, सकाळी साडेअकरा ही वेळ ठरवली. अचानक फोन टाकण्यापेक्षा आदल्या दिवशी एक छोटा निरोप पाठवला. त्यात बाराव्या मेलातले एकही वाक्य नव्हते:

‘साहेब, १५० जोडांच्या बिलाबाबत आपले बरेच लिहिणे झाले. बिल नेमके कुठे थांबले आहे एवढेच समजून घ्यायचे आहे. उद्या साडेअकराला पाच मिनिटे फोन करू का? वेळ सोयीची नसेल तर दुसरी सांगावी.’

एका तासात ‘करा’ असे उत्तर आले. दीड महिन्यात त्या माणसाने इतक्या लवकर काही कळवले नव्हते.

फोन ताईंनी स्वतः केला. समोर पर्चेस ऑर्डर, पोच आणि बिल मांडून ठेवले होते. कोरा कागद आणि पेनही होते. भाच्याला मी शेजारी बसवला, पण बोलायचे नाही या अटीवर. संभाषण साधारण असे झाले.

‘साहेब, मी भांडायला फोन केलेला नाही. आमचे बिल आता कोणत्या टेबलावर आहे, एवढे सांगता का?’

‘ताई, माझ्याकडे होल्ड दिसतंय. स्टोअरने जी.आर.एन. पूर्ण केलेली नाही.’

‘किती नगांची केली आहे?’

थोडा वेळ बटणांचा आवाज. ‘पँटा सगळ्या दीडशे घेतल्यात. शर्ट १२८ घेतलेत. बावीस राहिलेत.’

‘बावीस का राहिले?’

‘ते स्टोअरला माहीत. मला फक्त क्वालिटी होल्ड दिसतंय. तेच मी तुम्हाला कळवलं होतं. तुम्ही एकदम वरपर्यंत गेलात, मग मी काय लिहिणार?’

इथे ताईंना बोलायला खूप होते. मी कागदावर ‘पुढचा प्रश्न’ असे लिहून त्यांच्यापुढे सरकवले. त्यांनी विचारले, ‘स्टोअरमध्ये कोणाशी बोलू?’ त्याने नाव आणि नंबर दिला. दुसरा फोन स्टोअरला. स्टोअरवाले भाऊ लातूरकडचे निघाले, मोकळेपणी बोलले. बावीस शर्टांचा रंग मंजूर नमुन्याशी जुळत नाही, म्हणून ते बाजूला ठेवले आहेत, असे पर्चेसला जूनमध्येच तोंडी सांगितले होते. पर्चेसने ते ताईंना कळवले असे ते समजून होते. दोन्ही फोन मिळून नऊ मिनिटे झाली.

आता हिशेब पाहा. बावीस शर्टांचे, करासकट, होतात ७,६२३ रुपये. त्यांच्यासाठी उरलेले ९०,०२७ रुपये सहा आठवडे अडून होते. त्या ११ मेलांत बावीस हा आकडा कुठेच नव्हता.

मग प्रत्यक्ष भेट. रंगाचा वाद फोनवरही मिटत नाही आणि मेलवर फोटो पाठवून तर अजिबात मिटत नाही, कारण प्रत्येक मोबाइल रंग वेगळा दाखवतो. जी गोष्ट डोळ्यांनी पाहायची किंवा हाताने चाचपायची आहे, तिच्यासाठी गाडीभाडे खर्च करून जावेच लागते. कापडाचे असे असते की, एकाच रंगाचा तागा असला तरी रंगाच्या वेगवेगळ्या घाणीतून निघाला तर छटेत थोडा फरक पडतो. शिवाय काही रंग ट्यूबलाइटखाली वेगळे दिसतात आणि उन्हात एकसारखे दिसतात. म्हणून ताईंना सांगितले की, ऑर्डरच्या वेळी दोघांच्या सह्या झालेला नमुन्याचा शर्ट बरोबर घ्या आणि माल दिवसाउजेडी गेटजवळ पाहायची विनंती करा.

२३ ऑगस्टला शुक्रवारी दुपारी ताई गेल्या. पर्चेसचे साहेबही स्टोअरमध्ये आले. बावीस शर्ट आणि नमुना बाहेर उजेडात आणून शेजारी शेजारी मांडले. त्यातले ८ शर्ट नमुन्याशी जुळत होते, आतल्या ट्यूबलाइटमुळे ते उगाच बाजूला पडले होते. १४ मात्र खरोखर फिके होते. शेवटचा तागा कमी पडल्यावर ताईंनी दुसऱ्या दुकानातून कापड आणले होते, ते हेच. ताईंनी तिथेच कबूल केले की हे चौदा आमची चूक आहे. त्यावर साहेबांचा चेहराच बदलला, असे त्या सांगतात. मेलवर ही कबुली त्यांनी कधीच दिली नसती, आणि देऊही नये, कारण तिथे चौदाचे दीडशे व्हायला वेळ लागत नाही.

ठरले ते असे. चौदा शर्ट ताईंनी परत घ्यायचे आणि त्यांची क्रेडिट नोट द्यायची, ४,८५१ रुपयांची. स्टोअरने उरलेल्या मालाची नोंद त्याच दिवशी पूर्ण करायची. राहिलेले ९२,७९९ रुपये पुढच्या दोन आठवड्यांत सोडायचे. चौदा शर्ट नवे शिवून वेगळ्या बिलावर द्यायचे. चौदा नवे शर्ट येईपर्यंत सगळे बिल थांबवू, असे साहेब आधी म्हणत होते. क्रेडिट नोट दिली की तिन्ही कागद आजच जुळतात, हे ताईंना आम्ही घरी पढवून ठेवले होते, म्हणून त्या लगेच बोलू शकल्या.

आणि आता मेल लिहायचा. फोन केला म्हणून लेखी काम सुटत नाही. उलट बोलणे झाल्यावर त्याच दिवशी पाच-सहा ओळी लिहून पाठवणे हा फोनचाच अर्धा भाग आहे. ताईंनी संध्याकाळी पाठवला तो मेल मराठीतच होता:

‘आज दुपारी आपल्या स्टोअरमध्ये झालेल्या बोलण्याप्रमाणे: १५० पँट आणि १३६ शर्ट स्वीकारले. १४ शर्ट रंगफरकामुळे आम्ही परत घेतले, त्यांची ४,८५१ रुपयांची क्रेडिट नोट सोबत जोडली आहे. उरलेले ९२,७९९ रुपये ६ सप्टेंबरपर्यंत द्यायचे ठरले. यात काही चुकले असल्यास सोमवारपर्यंत कळवावे. आपण वेळ दिलात, आभारी आहे.’

यात ‘आधीच सांगितले होते’ नाही, ‘नुकसान झाले’ नाही. नग, रक्कम आणि तारीख आहे. साहेबांनी सोमवारी ‘बरोबर आहे’ एवढे लिहिले. हे दोन शब्द ताईंसाठी लाखमोलाचे होते, कारण कंपनी पुढे फिरली असती तर हाच कागद समोर ठेवता आला असता.

कायद्याची बाजूही सांगतो, म्हणजे फोन करणारा माणूस हात जोडून उभा आहे असा गैरसमज नको. ताईंची उद्यम नोंदणी आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे अशा उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत आणि फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. मालाबद्दल आक्षेप असेल तर तो माल पोचल्यापासून १५ दिवसांत आणि लेखी घ्यावा लागतो, तरच मुदतीचा दिवस पुढे जातो. इथे माल ६ जूनचा आणि ‘क्वालिटी’ हा शब्द लेखी आला १५ जुलैला. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते, आणि फॅसिलिटेशन कौन्सिलकडे दाद मागता येते. म्हणजे ताईंची बाजू भक्कम होती. मात्र ती वाट महिन्यांची आहे. शुक्रवारच्या मजुरीला ती उपयोगी पडत नाही, आणि तिथे गेल्यावर ते गिऱ्हाईकही बहुधा परत येत नाही.

आता फोन कुठे करू नये तेही ऐका, कारण फोन म्हणजे सगळ्यावर औषध नव्हे.

समोरचा माणूस फोनवर एक बोलतो आणि नंतर ‘मी असे म्हणालोच नाही’ म्हणतो, असा अनुभव एकदा आला की त्याच्याशी फक्त लेखी बोलावे. फोन आलाच तर ‘साहेब, एवढे मेलवर पाठवा, मग सांगते’ असे म्हणून ठेवून द्यावा. फोनवर शिवीगाळ करणारा, जातीवरून टोमणे मारणारा, किंवा बिल सोडवायला हात ओले करायला सांगणारा, यांच्याशीही तेच. तिथे आपल्याला समजूत नको, पुरावा हवा असतो. आणखी एक सापळा म्हणजे ‘दहा टक्के सोडा, आत्ता पैसे काढतो.’ फोनवर माणूस गरजेपोटी पटकन हो म्हणतो. हो म्हणू नये. रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी लिहून कळवावे. तसेच रागाच्या मेलमध्ये ‘हवे तर थोडे कापा पण पैसे द्या’ असेही कधी लिहू नये. दोघांत गेलेल्या मेलमधूनही करार होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत या प्रकरणात सांगितलेले आहे.

आणि जुन्या बाकीच्या बाबतीत नुसत्या फोनवर विसंबून राहू नका. विकलेल्या मालाच्या पैशाचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो. ‘देतो, देतो’ हे तोंडी ऐकत तीन वर्षे निघून गेली तर हक्क असूनही कोर्टाचा दरवाजा बंद होतो. समोरच्याने त्या मुदतीतच बाकी लिहून कबूल केली असेल तर मुदत नव्याने मोजली जाते. तोंडी कबुलीने तसे होत नाही. एका कँटीनवाल्या बंधूंचे असेच झाले. दर दिवाळीला फोन, दर दिवाळीला गोड बोलणे, आणि चौथ्या वर्षी ते कागद घेऊन आले तेव्हा फार उशीर झाला होता.

भाच्याचा बारावा मेल अजून माझ्याकडे आहे. त्याचे इंग्रजी चांगले आहे, हे मी त्याला सांगितले. त्यानंतर त्याने एक सवय लावून घेतली. मेल लिहून झाला की तो ताईंना मोठ्याने मराठीत वाचून दाखवतो, आणि ताई विचारतात, ‘हे मी त्यांच्या तोंडावर असेच बोलेन का?’ नाही म्हटले तर तो मेल जात नाही, फोन जातो.

पैसे ६ सप्टेंबरला खात्यावर आले, पूर्ण ९२,७९९. दोन महिन्यांचे व्याज त्या वेळच्या दराने सुमारे ३,१५० रुपये निघत होते. ते ताईंनी मागितले नाही. मी म्हटले, भेटीत एक वाक्य टाकायला हरकत नव्हती, मिळाले असते तर मिळाले असते. ताई म्हणाल्या, ‘दादा, चौदा शर्ट फिके माझेच होते ना?’ डिसेंबरमध्ये त्याच कंपनीने ३०० जोडांची ऑर्डर दिली. या वेळी ताईंनी सगळे कापड एकाच घाणीचे घेतले आणि माल पोचल्यावर दहाव्या दिवशी स्टोअरला स्वतःहून फोन करून विचारले, ‘भाऊ, नग किती चढवले?’ व्याजाबद्दल मात्र आमचे दोघांचे अजून एकमत नाही.